मागच्या दाराची कडी

आठेक वर्षांपूर्वीचा सत्र खटला. शेतवस्तीवरच्या घरात पहाटे एक बाई मेलेली सापडली, शवविच्छेदनात गळा आवळल्याचं निघालं. घरात राहणारे दोघंच, नवरा-बायको. पोलिसांनी नवऱ्याला उचललं. प्रत्यक्ष पाहणारं कुणी नव्हतं. वकीलपत्र माझं, आरोपीकडून.

सरकारी वकिलांचा सगळा भर पुरावा कायद्याच्या कलम 106 वर होता (आता नव्या अधिनियमात ते 109 झालं आहे). जी गोष्ट विशेषकरून एखाद्याच्याच माहितीतली, ती शाबीत करायची जबाबदारी त्याची. बायको चार भिंतींच्या आत मेली, तर काय घडलं ते नवऱ्यानं सांगायचं. त्यांच्या हातात 2006 चा त्रिमुख किरकन निवाडा होता, आपल्या महाराष्ट्रातलाच. तिथं बायकोला सर्पदंश झाल्याचं तिच्या माहेरी कळवलं होतं आणि शवविच्छेदनात गळा दाबल्याचं निघालं. सर्वोच्च न्यायालयानं नवऱ्याची शिक्षा कायम ठेवली.

निवाडा बिनतोड आहे, त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. माझा मुद्दा एक पायरी अलीकडचा होता. नवऱ्याकडं जाब मागण्याआधी तो त्या वेळी घरात होता, हे सरकार पक्षानं शाबीत करायला हवं. 106 नं सरकारचं ओझं आरोपीच्या डोक्यावर जात नाही, हे अजमेरच्या एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या प्रवासभत्त्याच्या खटल्यात 1956 सालीच ठरलेलं आहे.

डॉक्टरांच्या मते मृत्यू मध्यरात्रीनंतरचा. आणि तो घरात असल्याचा पुरावा काय, तर शेजारच्या मावशींची साक्ष: आठ वाजता दोघं जेवत होते. उलटतपासणीला उठलो.

"मावशी, त्या आठवड्यात मोटारीची लाईट कधी यायची?"

"रातच्या धाची."

"मग वस्तीवरचे बाप्ये रात्री कुठं असायचे?"

"पाणी धरायला रानात. सगळेच जात्यात."

एवढंच विचारून बसलो. "हा गेला होता का?" हा प्रश्न ओठांवर आला होता, गिळला. त्या "नाही" म्हणाल्या असत्या, तर सरकार पक्षाची राहिलेली पायरी मीच बांधून दिली असती.

दुसरी गोष्ट घटनास्थळाच्या पंचनाम्यात, तिसऱ्या पानावर, एका ओळीत पडलेली: 'मागील दार ओढून घेतलेले, आतून कडी नाही.' मागून बाहेरचा माणूस येऊ शकत होता का, ते तपासी अंमलदारानं पाहिलंच नव्हतं. घर बंदिस्त होतं, दुसरं कुणी येणं शक्य नव्हतं, हे आधी दिसलं तरच नवऱ्याच्या गप्प बसण्याला वजन येतं.

खरी पंचाईत 313 च्या जबाबाच्या आदल्या संध्याकाळी झाली. या जबाबात न्यायाधीश पुराव्यातली एकेक गोष्ट आरोपीपुढं ठेवून त्याचं म्हणणं विचारतात. शपथ नसते, खोटं बोलला म्हणून शिक्षा नाही. म्हणून पुष्कळ वकील 'खोटं आहे, माहीत नाही' एवढंच पढवून पाठवतात. मला ते इथं नको होतं. अशिलाला म्हटलं, कुठं होतास ते सांग.

"साहेब, रातभर एकटा पाणी धरत होतो म्हणा की."

"होतास का?"

बराच वेळ बोललाच नाही. मग निघालं: पाणी सोडून दिलं होतं आणि तिघांबरोबर शेजारच्या मोटारीच्या खोलीत पत्ते कुटत होता, पैसे लावून. त्याला जुगाराची लाज वाटत होती, खुनाच्या आरोपात!

त्याला समजावलं, की तू खोटं सांगितलंस आणि ते उघडं पडलं, तर तुझ्याविरुद्धच्या साखळीत तीच एक जास्तीची कडी होते. तेवढ्यावर शिक्षा होत नाही, बाकीची साखळी आधी जुळावी लागते. पण काठावरच्या खटल्यात ते परवडत नाही. शिवाय 'मी दुसरीकडं होतो' म्हणणाऱ्यानं ते शाबीतही करायचं असतं, तिथं ओझं आरोपीचंच. तिघांपैकी एक जण साक्षीला यायला तयार झाला. बावचळला, वेळा चुकवल्या, सरकारी वकिलांनी त्याला सोलून काढला.

निकालात न्यायाधीशांनी त्या साक्षीदारावर पूर्ण विश्वास ठेवला नाही. पण लिहिलं, की मृत्यूच्या वेळी आरोपी घरात असल्याचं सरकार पक्षानं शाबीत केलेलं नाही, त्यामुळं खुलासा देण्याची जबाबदारी त्याच्यावर येतच नाही. निर्दोष.

बाहेर जिन्यापाशी मयत बाईची आई बसली होती. ती मला ओळखत होती, विरुद्ध बाजूचा म्हणून.

"मंग माझ्या लेकीला मारलं कुणी, वकीलसाहेब?"

मी फाईल दुसऱ्या हातात घेतली आणि जिना उतरलो.