स्लाईडच्या शेजारची रिकामी जागा

पॉवरपॉइंटमधून प्रिंट काढताना 3 Slides वालं हँडआउट निवडलं की डावीकडे स्लाईडची चित्रं आणि उजवीकडे रेघा येतात (फक्त याच लेआउटमध्ये, ४ किंवा ६ घेतलं की रेघा गायब). दिसायला छान, पण वाचायला घ्या. मूळ स्लाईड जवळपास ३४ सेंटिमीटर रुंद आणि कागदावर ती उरते साधारण ८ सेंटिमीटर, म्हणजे १८ पॉइंटचं अक्षर होतं ४ पॉइंटच्या आसपास. भिंग घेऊन कोण बसणार?

म्हणून मी चित्राऐवजी मजकूरच घेतो. Outline View उघडायचं, सगळं कॉपी करून वर्डमध्ये पेस्ट. इथे एक मेख आहे. आउटलाइनमध्ये फक्त शीर्षक आणि मुख्य मजकुराच्या ठरलेल्या चौकटींतलं येतं, वेगळा टेक्स्ट बॉक्स टाकून लिहिलेलं काहीच येत नाही, आणि हौशी लोक नेमकं महत्त्वाचं वाक्य तिथेच लिहितात. आउटलाइनमध्ये नंबर आहे पण पुढे कोरं, असं दिसलं की समजायचं, त्या स्लाईडवर जाऊन हाताने उचलावं लागणार. अर्धवट आलेल्या स्लाईड जास्त फसव्या, त्या शेजारी ठेवूनच तपासाव्या लागतात.

मग दोन कॉलमचं टेबल, डावीकडे मजकूर, उजवीकडे रेघा. समजा २४ स्लाईड आहेत. ए४ कागद २९७ मिलिमीटर उंच, वरखाली १५-१५ सोडले तर २६७ उरतात, प्रत्येक ओळीची उंची ८५ अशी Exactly करून टाकली की पानावर ३ स्लाईड, एकूण ८ पानं, पाठपोट छापली तर ४ कागद. पण Exactly मध्ये जास्तीचा मजकूर खाली गुपचूप कापला जातो, त्यामुळे लांबलेली स्लाईड आधी हाताने आटपशीर करायची.

रेघा अंडरस्कोअर दाबून काढू नका. फॉन्ट बदलला की शेवटची दोन-चार चिन्हं खालच्या ओळीवर उडी मारतात आणि सगळं विस्कटतं. त्यापेक्षा सेलच्या उजव्या कडेला राइट टॅब लावून त्याला रेघेचा लीडर द्यायचा, सेलमध्ये Ctrl+Tab दाबलं की कडेपर्यंत सरळ रेघ, मग फॉन्ट कुठलाही असो. ओळींमधलं अंतर २८ पॉइंट, म्हणजे साधारण १ सेंटिमीटर, आणि अशा ८ रेघा आरामात बसतात. वहीतल्यासारखं त्याहून कमी ठेवलं तर मराठी लिहिताना वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत अडकतात, घाईत लिहिताना तर हमखास.

ग्राफच्या स्लाईडला मात्र हा सगळा खटाटोप लागू नाही, तिथे मजकूर म्हणजे नुसतं शीर्षक, म्हणून तेवढं चित्र डावीकडे मोठं करून ठेवावंच लागतं. आणि "धन्यवाद" वाली स्लाईड सरळ काढून टाका, तिच्या शेजारी कोण काय लिहिणार!