मार्जिन म्हणजे नक्की कशाचे टक्के?

भांडुपच्या एका मसाला कांडपवाल्या मावशींचं भाषांतराचं काम माझ्याकडे आलं ते त्यांच्या भाच्यामुळे. मावशी, त्यांचे दीर आणि भाचा अशी तिघांची भागीदारी. डंक आणि जुनी चक्की होतीच. आता मिरची, हळद आणि धणे पूड पॅक करून खाणावळींना आणि केटररना पुरवायची होती. भाच्याने एका सल्लागाराकडून इंग्रजीत 22 पानांचा प्रोजेक्ट रिपोर्ट करून घेतला होता. कर्ज मागायचं होतं मुलुंडच्या एका सहकारी बँकेत, आणि तिथल्या कर्ज समितीपुढे टिपण मराठीत जातं. शिवाय सह्या करणाऱ्या तिघांपैकी दोघांना इंग्रजी येत नव्हतं. "ताई, मावशीला कळेल असं करा, पण आकडा एकही हलता कामा नये," भाचा म्हणाला.

मूळ रिपोर्ट मिलियनमध्ये होता. 3.6 मिलियनचे 36 लाख करणं सोपं, पण दशांश चिन्ह एक घर सरकलं की 3 लाख 60 हजार होतात, म्हणून मी प्रत्येक आकडा अंकी आणि अक्षरी असा दोन्ही लिहिते आणि बेरजा स्वतः पुन्हा मारते. यंत्रं आणि वीजजोडणी 36 लाख, बँकेचं कर्ज 27 लाख, मुदत 60 महिने, त्यातले पहिले 6 महिने मोरॅटोरियम, व्याज 12 टक्के.

अडले मी 'मार्जिन'वर. पान 4 वर 25 टक्के मार्जिन, पान 13 वरही 25 टक्के मार्जिन. शब्द तोच आणि टक्केही तेच, पण गोष्टी दोन. पान 4 वरचं मार्जिन बँकेच्या भाषेतलं, म्हणजे भागीदारांनी खिशातून घालायचा वाटा, 36 लाखांतले 9 लाख. पान 13 वरचं धंद्यातलं, विक्रीतून मालाचा खर्च वजा जाता उरणारी रक्कम. मराठीत दोन्हीकडे 'मार्जिन' ठेवलं असतं तर मावशी एकच समजल्या असत्या. पहिल्याला मी 'स्वतःचा वाटा' लिहिलं आणि दुसऱ्याला 'ढोबळ नफा'. पण ढोबळ नफा 25 टक्के लिहिताना पुढचा प्रश्न आलाच, कशाचे टक्के? इंग्रजीत ते गृहीत असतं, विक्रीचे. मराठीत वाक्य पुरं करायला मला ते लिहावंच लागणार होतं: 'विक्रीच्या 25 टक्के'. म्हणून पडताळायला मागची दरांची पुरवणी काढली.

तिथे सरासरी एका किलोला मालाचा खर्च 240 रुपये आणि विक्रीचा दर 300. सुटतात 60. हे 60 रुपये 240चे 25 टक्के आहेत, पण 300चे फक्त 20. रिपोर्ट लिहिणाऱ्याने खर्चावरचे 25 टक्के उचलून विक्रीला लावले होते. वर्षाला 40 टन माल, म्हणजे 1 कोटी 20 लाखांची विक्री. कागदावर ढोबळ नफा 30 लाख होता, दरांप्रमाणे यायचा 24 लाख. सहा लाखांचं अंतर एका 'कशाचे'मुळे.

आकडा दुरुस्त करून मराठीत टाकायचा मोह होतो, पण तो मी करत नाही. मूळ आणि भाषांतर वेगळं बोलू लागलं तर बँक कोणता कागद खरा मानेल? मी भाच्याला फोन केला आणि सांगितलं की दोन पानं एकमेकांशी जुळत नाहीत, तुमच्या सल्लागाराला विचारा, दुरुस्ती आधी इंग्रजीत होऊ दे. त्याने मला मावशींच्या घरीच बोलावलं.

मी दोन दर सांगितले तेव्हा मावशी लगेच म्हणाल्या, "मी शंभराचा माल सव्वाशेला देते, म्हणून पंचवीस टक्के सांगितले होते." त्यांचं त्यांच्या रीतीने बरोबरच होतं. बाजारात बहुतेक जण खर्चावरच टक्के मोजतात. विक्रीवर खरंच 25 टक्के हवे असतील तर 240चा माल 320ला विकावा लागतो. "320ला माझ्याकडून कोण घेणार? शेजारच्या गल्लीत 305ला मिळते," त्या म्हणाल्या.

मग आम्ही तो आकडा डीएससीआरपर्यंत नेला. बँक त्यावरच थांबते, म्हणून मराठीत मी तो असा मांडला होता: वर्षभरात कर्जाचं व्याज आणि मुद्दल फेडायला जितके रुपये लागतात, त्याच्या किती पट रक्कम धंद्यातून हाती येते. पूर्ण हप्त्यांच्या पहिल्या वर्षात, म्हणजे कर्जाच्या दुसऱ्या वर्षात, मुद्दलाचे 6 लाख आणि व्याजाचे 2 लाख 55 हजार, मिळून 8 लाख 55 हजार. रिपोर्टप्रमाणे हाती यायचे 14 लाख, म्हणजे 1.64 पट. सहा लाखांचा नफा गेला की आयकरही घटतो, तो धरून हाती राहतात साधारण 9 लाख 87 हजार. 1.15 पट. भाचा गप्प झाला.

"ते सहा महिने माफी आहे ना, त्यात सावरू," दीर म्हणाले. माझा दुसरा घोर हाच होता. मोरॅटोरियमचं 'माफी' झालं की अर्थ उलटतो. माफ काहीच होत नाही. बँकेच्या पत्रात स्पष्ट होतं की सहा महिने फक्त मुद्दलाचा हप्ता थांबेल, व्याज दरमहा भरायचं. 27 लाखांवर महिन्याला 27,000 रुपये, तेही पहिली गोणी विकायच्या आधीपासून. काही बँका हे व्याज मुद्दलात मिळवू देतात. तसं झालं तर सहा महिन्यांत कर्ज 1 लाख 66 हजारांनी वाढतं. म्हणून मी तिथे एक शब्द न घालता एक पूर्ण वाक्य लिहिलं होतं: 'पहिले 6 महिने मुद्दलाचा हप्ता नाही; व्याज मात्र पहिल्या महिन्यापासून दरमहा भरायचे आहे.' दिरांनी ते दोनदा वाचलं.

शेवटी 8 लाखांचं पॅकिंग यंत्र वगळायचं ठरलं. खर्च 28 लाखांवर आला, स्वतःचा वाटा 7 लाख, कर्ज 21 लाख. हाताने पॅकिंग करणाऱ्या एका बाईचा पगार धरूनही गुणोत्तर 1.36 आलं. सल्लागाराने इंग्रजी रिपोर्ट सुधारला आणि मगच मी मराठीला हात लावला. बँकेतल्या कर्ज अधिकारी मॅडमनी तक्त्यात एकच बदल सुचवला. चालू वर्षाचे आणि पुढच्या वर्षांचे आकडे मी दोन्हीकडे 'अंदाजित' म्हटले होते. त्या म्हणाल्या, "चालू वर्षाचे काही महिने प्रत्यक्ष झालेले असतात, त्यांना अंदाजित म्हणा. पुढच्यांना प्रक्षेपित. समिती दोन्हींवर सारखा भरवसा ठेवत नाही." त्यांचं म्हणणं रास्त होतं, इंग्रजीत ते दोन शब्द वेगळेच होते आणि मी ते एकात ओतले होते. गुणोत्तराकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "आमच्या समितीला सव्वाच्या खाली चालत नाही. हे चालेल."

सह्यांच्या दिवशी मावशींनी मराठी प्रत पुढे ओढली, चष्मा लावला आणि उधारीच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलं: 21,000.

"हे पहिल्या महिन्यापासून ना?"

"हो मावशी. पहिल्या महिन्यापासून."

मग त्यांनी सही केली.