एक सर्क्युलर, दोन भाषा आणि फी अर्धी झाल्याची बातमी

मी नाशिकच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, शाळा स्टेट बोर्डाची, विनाअनुदानित. इंग्रजी शाळेत मराठीची बाई म्हणजे काय काय करावं लागतं ते ज्यांना माहितीये त्यांना माहितीये. महाराष्ट्र दिनाचं सूत्रसंचालन, मराठीत अर्ज लिहून हवाय, पालकांना फोन करायचाय, सगळं आमच्याकडे. २०२५ च्या एप्रिलमध्ये मॅडमनी बोलावलं आणि म्हणाल्या, सुट्ट्यांचं आणि फीचं सर्क्युलर काढायचंय, इंग्लिश तयार आहे, तुम्ही फक्त खाली मराठी टाका, अर्ध्या तासाचं काम आहे.

पाच दिवस गेले त्यात.

मुळात ते इंग्रजी तयार नव्हतंच. आमची परीक्षा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात संपून तिथून पुढे सुट्टी, असं धरून फेब्रुवारीतच कोणीतरी टाईप करून ठेवलेलं, आणि मग त्या वर्षी राज्यभर पहिली ते नववीचं एकच वेळापत्रक आलं, परीक्षा २५ एप्रिलपर्यंत, निकाल १ मेला, सुट्टी २ मेपासून आणि आमच्याकडे शाळा १६ जूनला. म्हणजे वरचा अर्धा कागद बाद. खाली पुढच्या वर्षीच्या सुट्ट्या होत्या, त्यात मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या सुट्ट्या कुठे खर्च करायच्या यावर स्टाफरूममध्ये दरवर्षीसारखी चर्चा झाली. आमच्याकडे त्यातली एक रंगपंचमीला जातेच, कारण नाशकात त्या दिवशी रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने हौद, उघडतात आणि शाळा चालू ठेवली तरी वर्गात बाकं आणि बाईच असतात. पण २०२६ ची रंगपंचमी रविवारी निघाली, एक सुट्टी वाचली म्हणून सगळे खूश. असो.

फीचा भाग अकाउंटंट सरांनी दिला होता. जुनी वार्षिक फी ३२,०००, नवीन ३५,२००. पण खाली जो तक्ता होता त्यात मात्र ३६,८००. मला वाटलं टायपिंगची चूक, पण ३२ चे ३६,८०० म्हणजे बरोब्बर १५ टक्के वाढ, चूक इतकी मापात कशी होईल. मग लिपिक भाऊसाहेबांकडून पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीचं इतिवृत्त मागून घेतलं. ते थोडे बिचकले, बाईंना कशाला हवंय इतिवृत्त. पण ते वाचलं आणि सगळा उलगडा झाला.

हे मलाही तेव्हाच नीट कळलं म्हणून जरा सविस्तर सांगते. महाराष्ट्रात फीचा २०११ चा कायदा आहे, त्यानुसार संस्थेला वाटली म्हणून फी वाढवता येत नाही. नवीन वर्ष सुरू व्हायच्या निदान सहा महिने आधी संस्थेने प्रस्ताव कार्यकारी समितीपुढे ठेवायचा, समितीने ३० दिवसांत निर्णय द्यायचा. या समितीत प्रत्येक इयत्तेचा एक पालक असतो आणि पालकांची नावं चिठ्ठ्या टाकून काढतात, म्हणजे निदान काढायची असतात. आमच्याकडे प्रस्ताव डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलेला, १५ टक्क्यांचा. बैठकीत पालकांनी खर्चाचे कागद मागितले, घासाघीस झाली आणि १० टक्क्यांवर मान्यता मिळाली. अकाउंटंट सरांनी वरचा मजकूर ठरावावरून लिहिला आणि तक्ता मात्र प्रस्तावाच्या फाईलमधून उचलला. बाकी काही नाही, कॉपी-पेस्ट. पण तसंच गेलं असतं तर समितीतले पालक दुसऱ्या दिवशी गेटवर उभे असते, आणि त्यांचं बरोबरच असतं.

इतिवृत्तात अजून एक गोष्ट होती जी मसुद्यात नव्हती, ती म्हणजे मान्य झालेली फी दोन वर्षांसाठी बंधनकारक असते. मी म्हटलं हे लिहूया, '२०२५-२६ व २०२६-२७ या दोन्ही वर्षांसाठी'. संस्थेच्या सरांना ते फारसं आवडलं नाही, उगाच कशाला बांधून घ्यायचं म्हणे. मॅडम शांतपणे म्हणाल्या, बांधलेलं आहेच, फक्त लिहायचंय. मला मॅडमचं तेव्हा फार कौतुक वाटलं.

एवढं सगळं करून १५ तारखेला, मंगळवारी, सर्क्युलर व्हॉट्सॲपवर गेलं. वर इंग्रजी, खाली मराठी, लेटरहेड, सही, शिक्का. मी घरी येऊन निवांत चहा ठेवला आणि फोन सुरू झाले.

पहिला फोन आमच्याच वर्गातल्या एका मुलाच्या आईचा, सिडकोतल्या. "टीचर, फी कमी केली ना? थँक्यू हं!" मला कळेचना. म्हटलं ताई, कमी नाही, वाढलीये. तर त्या म्हणाल्या, "अहो पण लिहिलंय ना, सुधारित शुल्क, प्रत्येक सत्रासाठी ८,८००. दोन सत्रं, म्हणजे १७,६०० ना वर्षाचे?"

मी फोन कानाला लावूनच कागद काढला. इंग्रजीत अकाउंटंट सरांनी लिहिलेलं होतं Rs. 8,800 per term. त्यांच्या डोक्यात टर्म म्हणजे हप्ता, वर्षाचे चार. आणि मी, पंधरा वर्षं मराठी शिकवणारी बाई, टर्मला डोळे झाकून सत्र लिहून मोकळी झाले होते. आता मराठी पालकाच्या डोक्यात सत्र दोनच, पहिलं दिवाळीपर्यंत आणि दुसरं उन्हाळ्यापर्यंत, प्रगतीपुस्तकावर पण तसंच छापलेलं असतं. वरती ३५,२०० ची ओळ होती, पण ती परिच्छेदाच्या मध्ये आणि हा ८,८०० मात्र ठळक. त्यात पुन्हा पावतीवर सत्र शुल्क म्हणून एक वेगळीच बाब असते, म्हणजे दोघा पालकांनी असाही अर्थ लावला की ३५,२०० तर आहेतच, वर ८,८०० सत्र शुल्क. एकाच ओळीवरून एकाची फी अर्धी झालेली आणि दुसऱ्याची अजून वाढलेली.

आणि 'सुधारित' हा शब्द! दुसऱ्या दिवशी मी ते पत्रक आमच्या शिपाई मावशींना वाचायला दिलं, त्यांची नात आमच्याच शाळेत आहे. त्या चष्मा लावून एकेक शब्दावर बोट ठेवत वाचतात. 'शुल्क सुधारणा' वर बोट थांबलं, वर बघून म्हणाल्या, "सुधारणा म्हंजे बरं झालं का वाईट?" सरकारी मराठीत चालतो हो तो शब्द, पण घरात कोणी म्हणतं का की दुधाचा दर सुधारला? वाढला म्हणतात. मी इंग्रजीतलं रिव्हिजन जसंच्या तसं उचललं होतं, तिकडे तो शब्द वाढ झाकायला सोयीचा असतो, मराठीत तो चक्क खोटं बोलायला लागला.

तिसरी चूक सुट्टीची. इंग्रजीत होतं की शाळा २ मे ते १५ जून बंद, दोन्ही दिवस धरून, आणि १६ जूनला सुरू. मी आटोपशीर करायला गेले आणि लिहिलं, 'उन्हाळी सुट्टी १६ जूनपर्यंत राहील.' आता पर्यंत म्हणजे तो दिवस धरून की सोडून? मला विचाराल तर मी व्याकरण सांगेन, पण पालक तिकीट काढतात. अंबडला कंपनीत असणारे एक वडील, मूळचे अमरावतीकडचे, त्यांचा १६ एप्रिलला दुपारी फोन आला. रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, १५ जूनच्या गाडीचं त्याच सकाळी उघडलेलं, त्यांनी ८ वाजता लॅपटॉप घेऊन बसून कन्फर्म मिळवलेलं, रात्री बडनेऱ्याहून निघून १६ ला नाशिकरोडला उतरायचं. आणि आता शेजाऱ्यांनी इंग्रजी वाचून सांगितलं की १६ ला शाळा आहे. "टीचर, दोन्हीतलं खरं कोणतं धरायचं?"

हा प्रश्न मी मॅडमना तसाच्या तसा सांगितला. पुढे १८ ला गुड फ्रायडेची सुट्टी, परीक्षा चालू, म्हणजे शुद्धिपत्रक १७ लाच जायला हवं होतं. यावेळी आधी मराठी लिहिली आणि मग सरांनी त्यावरून इंग्रजी केलं, आणि खरं सांगते इंग्रजीसुद्धा सोपं झालं. मराठी अशी होती:

'वार्षिक फी ३२,००० रुपयांवरून ३५,२०० रुपये करण्यात आली आहे, म्हणजे ३,२०० रुपयांची वाढ. हीच फी २०२५-२६ व २०२६-२७ या दोन्ही वर्षांसाठी लागू राहील. फी चार हप्त्यांत भरता येईल, प्रत्येक हप्ता ८,८०० रुपये. याव्यतिरिक्त सत्र शुल्क वेगळे नाही. शुक्रवार २ मे ते रविवार १५ जून सुट्टी. सोमवार १६ जून रोजी शाळा नेहमीच्या वेळेत भरेल.'

वार मुद्दाम टाकले. तारीख चुकते, पण रविवारी शाळा नसते हे कोणालाही कळतं. आणि शेवटी एक ओळ वाढवली, कारण आरटीईतून प्रवेश मिळालेल्या एका मुलीची आई बुधवारी सकाळी गेटवर रडवेली होऊन उभी होती, पदराच्या टोकात मोबाईल गुंडाळलेला आणि त्यात ते पत्रक. तिला मराठी नीट समजलं होतं, फक्त ते तिच्यासाठी नाही हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. 'आरटीई २५ टक्के प्रवेशातील विद्यार्थ्यांना वरील फी लागू नाही.' एवढंच लिहायचं होतं.

एक प्रिंट नोटीस बोर्डवर पण लावली, मंजूर फी मराठी आणि इंग्रजी दोन्हीत बोर्डावर लावणं कायद्यातच आहे, आणि आमच्या बोर्डावर तोवर फक्त इंग्रजी होतं. मावशींनी टाचण्या मारता मारता पुन्हा एकदा सगळं वाचलं. यावेळी बोट कुठे थांबलं नाही. "वाढली म्हना ना मग सरळ," एवढंच म्हणाल्या.

१६ जूनला शाळा भरली, हजेरी बरी होती. अमरावतीवाल्यांचा मुलगा १७ ला आला, वडिलांनी तिकीट बदललंच नव्हतं. सोबत रजेचा अर्ज, सुवाच्य मराठीत, आणि कारणाच्या जागी माझ्या पहिल्या सर्क्युलरची झेरॉक्स पिन केलेली, 'पर्यंत' खाली लाल पेनाने दोन रेघा मारून. अर्ज मंजूर केला.