‘विचार बदलला’

ऑनलाइन बाजारपेठेच्या तक्रार विभागात मी काम करते. परवाची एक केस अजून डोक्यातून जात नाही.

एका बाईंनी कॅमेऱ्याची वापरलेली लेन्स मागवली होती आणि पैसेही भरले होते. तासाभरात विक्रेत्याचा मेसेज आला: ‘कमिशन फार जातं हो. ऑर्डर रद्द करा, थेट खात्यात पाठवा, दहा टक्के कमी घेतो.’ सोबत फोन नंबर होता, पण आकड्यांत नाही. आमची यंत्रणा मेसेजमधले आकडे अडवते, म्हणून त्याने ‘नऊ आठ दोन’ असे अक्षरांत लिहून मध्ये टिंबं टाकली होती. असा नंबर दिसला की मला पुढचं सगळं कळतं.

ऑर्डर त्याने स्वतः का रद्द केली नाही? विक्रेत्याने रद्द केली की ती त्याच्या नावावर लागते आणि आमचं लक्ष जातं. ग्राहकाने केली की त्याचं पान कोरं राहतं. बाईंनी कारणांच्या यादीतून ‘विचार बदलला’ निवडलं. ‘विक्रेत्याने सांगितलं’ असं कारण त्या यादीत नाहीच. ते घाला म्हणून मी दोनदा लिहिलंय. यादी लांबते, असं उत्तर आलं.

एरवी भरलेले पैसे आम्ही धरून ठेवतो. वस्तू पोचल्यावर, तक्रारीची मुदत संपली की विक्रेत्याला देतो. विक्रेत्याला चुकवायचं असतं ते हे धरून ठेवणं. कमिशनचं निव्वळ निमित्त. काही जण खरंच फक्त कमिशन वाचवतात आणि मालही पाठवतात, पण तो फुटका निघाला तर आमच्याकडे दाद मागायला ऑर्डरच उरलेली नसते.

बाईंनी पैसे थेट पाठवले. दोन दिवसांनी त्याने कुरियरच्या विम्यासाठी ‘परत मिळणारी’ रक्कम मागितली, तीही दिली. मग फोन बंद.

माझ्या स्क्रीनवर काय दिसत होतं? ऑर्डर ग्राहकाने रद्द केली, पैसे परत गेले, प्रकरण बंद. थेट पाठवलेल्या पैशांची आमच्याकडे नोंदच नाही. शेजारचा सहकारी म्हणाला, “लोभ, दुसरं काय!” मला ते पटलं नाही. त्या विक्रेत्याच्या खात्यावर चार वर्षांचे चांगले अभिप्राय होते. खातं बहुधा दुसऱ्याच कुणाच्या हाती गेलं असावं, पण हे बाईंना कुठून कळणार?

मी खातं गोठवलं आणि त्यांना लगेच बँकेला कळवायला सांगितलं. बँक प्रयत्न करते, पण आपण स्वतः मंजुरी देऊन पाठवलेले पैसे समोरच्याने काढून घेतले असतील तर हाती फारसं लागत नाही. त्यांनी सगळं शांतपणे लिहून घेतलं. मग विचारलं, “मी ती रद्द केलेली ऑर्डर पुन्हा चालू करता येईल का?”

“नाही,” मी म्हणाले. रद्द झालेली ऑर्डर उघडायचं बटण माझ्याकडेही नाही.