अकरा पट

पोस्टरचा फ्लेक्स गुंडाळून, बगलेत धरून सकाळच्या स्लो लोकलमध्ये चढणं हा वेगळाच प्रयोग आहे. दादरपर्यंत तिघींनी विचारलं, "मासे आहेत का त्यात?" मी मात्र मनातल्या मनात स्क्रिप्ट म्हणत होते. एमएस्सीचा प्रोजेक्ट, विषय लायसोझाइम, म्हणजे बॅक्टेरियाची भिंत फोडणारं एन्झाइम; बाहेरचे परीक्षक, प्रत्येक पोस्टरपाशी चार-पाच मिनिटं. आमच्या गाईड मॅडमनी स्क्रिप्टमधून फ्लेमिंग आणि 1922 साल आदल्या दिवशीच कापून टाकलं होतं. "लायसोझाइम कुणी शोधलं ते त्यांना माहीत आहे. तू काय केलंस ते सांग."

तर स्क्रिप्ट अशी उरली होती.

"नमस्कार सर. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यातून लायसोझाइम एकाच कॉलमवर वेगळं करायचं आणि ते किती शुद्ध झालं ते मोजायचं, हा माझा उद्देश. पांढऱ्यातल्या एकूण प्रोटीनपैकी लायसोझाइम साधारण साडेतीन टक्के. बाकी बहुतेक प्रोटीन्सवर पीएच 8.2 ला ऋण भार असतो, लायसोझाइमवर मात्र धन भार राहतो. म्हणून सीएम-सेल्युलोजच्या कॉलमला फक्त तेच चिकटतं, बाकीचं धुऊन जातं आणि मग मिठाच्या द्रावणाने ते सोडवून घेता येतं. हे बघा जेल: पहिल्या लेनमध्ये पांढऱ्यातल्या मुख्य प्रोटीनचा, ओव्हाल्ब्युमिनचा, जाड पट्टा, शेवटच्या लेनमध्ये 14 किलोडाल्टनपाशी एकच पट्टा. हा टेबल: यील्ड 68 टक्के, शुद्धता 11 पट. निष्कर्ष: लायसोझाइम एका पायरीत शुद्ध स्वरूपात मिळालं."

दोन मिनिटं दहा सेकंद. घरी आईसमोर, भिंतीवर कॅलेंडरला पोस्टर समजून, सहा वेळा म्हणून झालं होतं.

पहिले परीक्षक साठीच्या आसपासचे, चष्मा कपाळावर. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. जेलकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, परत जेलकडे. मग म्हणाले, "अंड्यात लायसोझाइम किती म्हणालीस?"

"साडेतीन टक्के, सर."

"म्हणजे बाकीचं सगळं, अगदी शेवटच्या कणापर्यंत काढून टाकलं, तर किती पट शुद्ध होईल?"

शंभर भागिले साडेतीन. साडेअठ्ठावीस. माझ्या तोंडून आकडा बाहेर पडला आणि त्याच क्षणी मला टेबलातला अकरा दिसला. दोन महिने तो माझ्यासमोर होता. स्क्रिप्टमधले 'साडेतीन टक्के', 'अकरा पट' आणि 'शुद्ध' एकमेकांशी भांडत होते, आणि मी ते तिन्ही आईला सहा वेळा ऐकवली होती.

"अकरा पट म्हणजे तुझ्या नळीतलं निम्म्याहून जास्त प्रोटीन दुसरंच काहीतरी आहे," सर म्हणाले. "मग ते जेलवर का दिसत नाही? एक तर जेल खोटं बोलतंय, नाहीतर टेबल."

मी गप्प. शेजारच्या पोस्टरवरची मैत्रीण सहानुभूतीने छताकडे बघत होती.

"प्रोटीन कशाने मोजलंस?"

"280 नॅनोमीटरला, सर. एक ओडी म्हणजे मिलिलिटरला एक मिलिग्रॅम धरून."

"सगळ्या प्रोटीन्सना?"

तिथे गाठ सुटली. ओडी म्हणजे द्रावणाने किती प्रकाश शोषला त्याचं माप, आणि 280 ला तो शोषतात ती मुख्यतः ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन ही अमिनो आम्लं. लायसोझाइम जेमतेम 129 अमिनो आम्लांचं, पण त्यात ट्रिप्टोफॅन सहा. ओव्हाल्ब्युमिन तिप्पट लांबीचं आणि त्यात ट्रिप्टोफॅन तीनच. म्हणून शुद्ध लायसोझाइम मिलिलिटरला एक मिलिग्रॅम असलं तर ओडी एक येत नाही, 2.64 येते. हा आकडा मला पाठ होता. असे 'ओडी एक' धरून चालायचं ते सरमिसळ प्रोटीन्ससाठी, हेही माहीत होतं. पण अंड्याच्या पांढऱ्याला लावलेलाच हिशेब मी कॉलममधून निघालेल्या शुद्ध मालालाही लावला होता.

सरांनी खिशातलं पेन पुढे केलं. "कर."

मी पोस्टरवरच, मार्जिनमध्ये लिहायला लागले. सुरुवातीच्या, अजून न गाळलेल्या पांढऱ्यात 960 मिलिग्रॅम प्रोटीन, एकूण अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे एन्झाइमची काम करण्याची ताकद, 15 लाख युनिट. मिलिग्रॅममागे साधारण 1,560. कॉलमनंतर 10 लाख 20 हजार युनिट, आणि माझ्या हिशेबाने 60 मिलिग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅममागे 17,000. त्यावरून अकरा पट. आता 60 ला 2.64 ने भागलं तर खरं लायसोझाइम 22.7 मिलिग्रॅमच. मिलिग्रॅममागे जवळजवळ 45,000 युनिट. भागाकार केला: 28.8.

"कमाल मर्यादेच्याही वर गेलीस," सर हसले. "आता दशांश चिन्हाला भुलू नकोस. ते 960 तरी कुठे अचूक आहेत? तिथेही तू सरासरीच धरली आहेस. साधारण 29 म्हण आणि थांब."

मग मला स्वतःहूनच सुचलं, आणि त्या दिवसातला तेवढाच भाग मी अभिमानाने सांगते. 960 चे साडेतीन टक्के म्हणजे 33.6 मिलिग्रॅम लायसोझाइम मुळात असायला हवं. हातात आलं 22.7. म्हणजे 68 टक्के. यील्ड मी काढलं होतं ते अ‍ॅक्टिव्हिटीवरून, मायक्रोकॉकस बॅक्टेरियाच्या दुधट पाण्यात एन्झाइम टाकल्यावर 450 नॅनोमीटरला गढूळपणा किती वेगाने उतरतो त्यावरून. त्याचा 280 शी काही संबंध नाही. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला.

"आणि उरलेले 32 टक्के?"

याचं उत्तर टेबलात नव्हतं, पण सिंकपाशी होतं. पांढरं पातळ करताना ओव्होम्युसिन या प्रोटीनचा जो चिकट, शेवाळासारखा गोळा बसतो, तो मी मलमलीतून गाळून फेकून दिला होता. लायसोझाइमचा धन भार ओव्होम्युसिनच्या ऋण भाराला धरून बसतो, तेव्हा काही माल त्या गोळ्याबरोबर गेला असणार. गोळा मिठाच्या पाण्यात ढवळून अ‍ॅक्टिव्हिटी बघितली असती तर खात्रीने सांगता आलं असतं. बघितली नव्हती, तसंच सांगितलं.

सर निघताना जेलवर बोट ठेवून म्हणाले, "शेवटच्या लेनमध्ये किती घातलंस?"

"पाच मायक्रो..." मी म्हणता म्हणता थांबले. तेही 280 वरूनच मोजलेलं. खरं म्हणजे दोन मायक्रोग्रॅमच्या आतच. कूमासी या रंगाने पट्टा दिसायला साधारण 0.1 मायक्रोग्रॅम प्रोटीन लागतं. म्हणजे पाच टक्क्यांपर्यंतची भेसळ माझ्या जेलवर सहज लपू शकते. निष्कर्षातला 'शुद्ध' हा शब्द मी त्यांच्याच पेनने खोडला आणि वर लिहिलं, 'जेलवर एकच पट्टा'. पेन परत घेऊन ते पुढच्या पोस्टरकडे वळले.

दुसऱ्या परीक्षक मॅडम वीस मिनिटांनी आल्या. मार्जिनमधली गिचमीड, खोडलेला अकरा, शाई पसरलेला फ्लेक्स बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. "हे काय?"

स्क्रिप्टचं 'नमस्कार' तेवढं ठेवलं. "मॅडम, आधी टेबलच बघू या," मी म्हटलं. "हा अकरा चुकीचा आहे."