न लिहिलेलं ‘आहे’ आणि आमचे ग्रीकचे सर

विद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं तेव्हा काय लिहायचं याचा विचार करावाच लागला नाही. वसतिगृहाबद्दल, पहाटेच्या प्रार्थनेबद्दल, जुन्या ग्रंथालयाबद्दल बाकीचे लिहितीलच. मी लिहिणार ते ग्रीकच्या सरांबद्दल. त्यांचं नाव इथे सांगायची गरज नाही. आपल्याकडे नुसतं ‘सर’ म्हटलं तरी कोण ते सगळ्यांना कळतं.

ग्रीक नव्या करारात ‘आहे’ हे क्रियापद वारंवार गाळलेलं असतं. आपल्याला त्यात नवल वाटू नये, कारण मराठीतही आपण ‘हा माझा भाऊ’ म्हणतो आणि थांबतो. अडचण येते ती दोन नामं शेजारी उभी राहिली आणि मध्ये क्रियापद नसलं की. कोणाबद्दल बोलणं चाललं आहे आणि त्याच्याबद्दल काय सांगितलं जात आहे? उद्देश्य कोणतं, विधेय कोणतं? दोन्ही प्रथमा विभक्तीत, त्यामुळे विभक्तीचा काहीच उपयोग नाही.

सरांनी सुरुवात योहान 4:24 ने केली. ‘प्न्यूमा हो थेओस.’ शब्दाला शब्द ठेवला तर ‘आत्मा देव’. आत्मा पहिला आला म्हणून ‘आत्मा हा देव आहे’ असं कोणी म्हणायला लागलं की सर ‘हो’ या एवढ्याशा शब्दावर खडूने टकटक करायचे. हे उपपद. ज्या नामाला उपपद आहे ते उद्देश्य, ज्याला नाही ते विधेय. क्रम काहीही असो. म्हणून ‘देव आत्मा आहे’. फिलिप्पैकरांस 1:21 मध्येही तसंच. ‘जगणं’ आणि ‘मरणं’ या दोघांना उपपद आहे, ‘ख्रिस्त’ आणि ‘लाभ’ यांना नाही. म्हणून पौल जगण्याबद्दल आणि मरण्याबद्दल बोलतो आहे. वाक्यात सर्वनाम असेल तर ते उपपदाच्याही आधी उद्देश्याचा मान घेतं, आणि विशेषनाम उपपद असलेल्या नामाच्या बरोबरीचं धरायचं. दोन्ही नामं सारख्याच तोलाची निघाली तर बहुधा पहिलं ते उद्देश्य. एवढे नियम फळ्याच्या एका कोपऱ्यात मावायचे आणि वर्षभर ते तिथून कोणी पुसत नसे.

मला जन्मभर पुरलेला तास मात्र इब्री लोकांस पत्र 1:8 चा. दुपारची वेळ होती, वीज गेलेली, वर्गात आम्ही मोजकेच. सरांनी पुस्तक मिटून ठेवलं आणि वचनाचा दुसरा अर्धा भाग आठवणीतून फळ्यावर लिहिला. आधी 45 व्या स्तोत्राच्या ग्रीक भाषांतरातला, म्हणजे सेप्टुअजिंटमधला. ‘ऱ्हाब्दोस एउथ्युतेतोस हे ऱ्हाब्दोस तेस बासिलेइआस सू.’ सरळतेचा दंड, तुझ्या राज्याचा दंड, क्रियापद नाही. ‘हे’ हे स्त्रीलिंगी उपपद दुसऱ्या ‘दंडा’आधी आहे. म्हणून अर्थ असा की तुझ्या राज्याचा राजदंड हा सरळतेचा राजदंड आहे. बोलणं राज्याबद्दल, आणि सरळता हा त्याचा गुण.

मग त्यांनी बोटानेच ते ‘हे’ पुसलं आणि ओळीच्या सुरुवातीला लिहिलं. ‘सरळते’लाही ‘तेस’ हे उपपद जोडलं. याखेरीज नवीन काही घातलं नाही, बाकी ओळ तशीच. “आता सांगा, बोलणं कशाबद्दल आहे?” कोणी बोलेना. मग पाठीमागच्या बाकावरून एकजण हळूच म्हणाला, “सरळतेबद्दल.” सर इतके खूश झाले की खडू त्याच्याच हातात दिला. सरळतेचा राजदंड हाच तुझ्या राज्याचा राजदंड आहे. आता विधानाची सुरुवात सरळतेपासून होते आणि राज्य त्यावरून ओळखलं जातं. इब्रीपत्राच्या पपायरस 46, सायनायटिकस आणि व्हॅटिकनस या जुन्या हस्तलेखांत उपपदांची हीच मांडणी आहे. नंतरच्या बहुसंख्य हस्तलेखांत मात्र स्तोत्रातली मांडणी परत आलेली दिसते. नकल करणाऱ्याला स्तोत्र पाठ असणार आणि हात सवयीने तिकडे गेला असणार, असं सर म्हणाले. हे कारण मला आजही पटतं.

वचनाचा पहिला अर्धा भाग याहून अवघड. ‘हो थ्रोनोस सू हो थेओस एइस तोन आइओना तू आइओनोस.’ तुझं सिंहासन, देव, युगानुयुग. पुन्हा क्रियापद नाही, पण इथे सिंहासनालाही उपपद आहे आणि देवालाही. उपपदाचा नियम इथे थकतो. मग तीन वाटा उरतात: ‘हे देवा, तुझं सिंहासन युगानुयुग आहे’, ‘देव तुझं सिंहासन आहे’, किंवा ‘तुझं सिंहासन देव आहे’. पहिल्या वाचनात ‘हो थेओस’ उद्देश्यही नाही आणि विधेयही नाही, ती हाक आहे. सेप्टुअजिंटमध्ये देवाला हाक मारताना बहुतेक वेळा प्रथमाच वापरतात. लूक 18:13 मधला जकातदारही ‘हो थेओस’ असंच म्हणतो. वेस्टकॉट यांनी 1889 च्या आपल्या भाष्यात ‘देव तुझं सिंहासन आहे’ याकडे कल दाखवला, कारण मूळ स्तोत्रात राजाला ‘देवा’ म्हणून हाक मारली असेल हे त्यांना पटेना. त्यांच्या बाजूने एक गोष्ट आहे. वर सांगितलेल्या त्याच तीन जुन्या हस्तलेखांत ‘तुझ्या राज्याचा’ नसून ‘त्याच्या राज्याचा’ आहे. देवालाच हाक मारली असेल तर पुढच्या ओळीत ‘त्याच्या’ कोणाच्या, असा प्रश्न पडतोच.

सरांनी दोन्ही बाजू न दडवता मांडल्या आणि मग आपलं मत सांगितलं. सिंहासन आणि राजदंड ही राजाची जोडी आहे. दुसऱ्या ओळीत राजदंडाबद्दल विधान आहे, तर पहिल्या ओळीत सिंहासनाबद्दलच असणार, आणि ‘युगानुयुग’ हे त्याचं विधेय. शिवाय दोनच वचनं पुढे, 1:10 मध्ये, ‘कुरिए’ अशी उघड हाक येते. म्हणून संबोधन. आपल्या मराठी बायबलातही ‘हे देवा’ असंच आहे.

परीक्षेत नुसतं बरोबर भाषांतर केलं तर सर निम्मेच गुण द्यायचे. निर्णय कशावर केला ते लिहावं लागे: उपपदावर, क्रमावर की संदर्भावर. तेव्हा आम्ही कुरकुर करायचो. आज मी आमच्या भागातल्या भाषांतर तपासणी समितीत बसतो आणि तिथे पहिला प्रश्न हाच विचारतो. इब्री 1:8 ला आम्ही मजकुरात हाक ठेवली, ‘देव तुझं सिंहासन आहे’ हे तळटीपेत दिलं आणि ‘तुझ्या’ की ‘त्याच्या’ हा पाठभेदही नोंदवला. राजदंडाच्या ओळीवर दोन बैठका गेल्या. शेवटी जुन्या हस्तलेखांप्रमाणे सरळतेला उद्देश्य केलं. तो निर्णय सरांचा आहे, असं मी तिथे सगळ्यांना सांगितलं.

मनाला लागतं ते एवढंच की हल्ली नवे पाळक फोनवर शब्दाखाली शब्द दिलेला मजकूर उघडतात आणि त्यात ‘आहे’ कंसात आधीच घातलेलं असतं. ते कुठे घालायचं हा निर्णय दुसऱ्याने केलेला असतो आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. ग्रीकचे तास कमी झाल्याचं ऐकतो. विद्यालयाने पन्नासाव्या वर्षी ते पूर्ववत करावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सर समारंभाला येणार असल्याचं कळलं. त्यांना भेटून 1:9 बद्दल विचारायचं आहे. तिथे ‘हो थेओस, हो थेओस सू’ असं दोनदा आलं आहे. त्यातलं पहिलं पुन्हा हाक धरायचं, की ‘देवाने, तुझ्या देवाने’ असं दोन्ही मिळून उद्देश्य? समितीत मतं सारखी विभागली आहेत, आणि निकाल सरांकडून घ्यायचा यावर सगळ्यांचं एकमत आहे.