गोधडीखालची नाडी

एप्रिलमधल्या एका सकाळी मनगटावरच्या घड्याळाने मला कळवलं की रात्रभर माझ्या शरीरावर ताण होता. मी तर आठ तास घोरत होतो, असं घरच्यांचं म्हणणं. रात्रीची सरासरी नाडी ६३, जी एरवी ५६-५७ असते. आणि एचआरव्ही, म्हणजे दोन ठोक्यांमधल्या अंतरातला चढउतार, ४२ मिलिसेकंदांवरून थेट २९ वर. हृदय टोल्याच्या घड्याळासारखं ठोके देत नाही. श्वास सोडताना जरा रेंगाळतं, घेताना जरा घाई करतं. शरीर निवांत असलं की हे मागेपुढे होणं वाढतं, कामाला जुंपलेलं असलं की घटतं. म्हणजे झोपेत मी कुठेतरी राबत होतो.

आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहालाही हात लावला तर कोमट लागतो. झोप लागताना शरीराला आपलं आतलं तापमान उतरवायचं असतं, पहाटेपर्यंत साधारण एक अंशाने. ती उष्णता बाहेर जाते मुख्यतः कातडीतून, त्यातही हातापायांच्या तळव्यांतून. खोली गरम असली की त्यासाठी कातडीकडे जास्त रक्त धाडावं लागतं, आणि ते धाडणार कोण? हृदयच. माझी रात्रपाळी ती ही.

पंखा पाचवर होता की, असं मी स्वतःशी म्हटलं. पण पंखा हवा गार करत नाही. तो अंगाजवळची ऊबदार हवा हाकलतो आणि घाम वाळवतो. आणि मी पडतो आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी गळ्यापर्यंत ओढून. वारा लागत होता तो फक्त नाकाला. अंगावर काही नसेल तर मला झोप येत नाही, मे महिन्यातही नाही. ही खोड कुठल्याही घड्याळाने जाणारी नाही.

मग वहीत टिपणं सुरू केली. गोधडी वजनकाट्यावर ठेवली, अडीच किलो भरली. मला वाटलं, दोष या वजनाचा. म्हणून चार रात्री लग्नात आहेर आलेलं मऊ, पिसासारखं हलकं पॉलिस्टरचं ब्लँकेट घेतलं. नाडी ६५! ऊब वजनात नसते, कापडात अडकलेल्या हवेत असते, आणि त्या फुगीर ब्लँकेटात ती ठासून भरलेली. वर घामही शोषत नाही. त्यानंतर एक सुती चादर आणि पंखा: ५९. बिचारी गोधडी उगाच बदनाम झाली होती.

शेवटी एसी. २४ वर लावून गोधडी घेतली, नाडी ५६, एचआरव्ही ४३. पण विजेच्या बिलाचा विचार करून मी दोनला बंद होण्याचा टायमर लावला, आणि आलेखाची गंमत तिथे दिसली. दोनपर्यंत रेघ झोळीसारखी छान खाली गेलेली, अडीचनंतर चढाला लागलेली. भिंती आणि स्लॅब अजून गरमच, खोली अर्ध्या तासात पुन्हा तापते. त्यात स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त, आणि त्या झोपेत शरीर आपलं तापमान नीट सांभाळत नाही. म्हणजे गारवा जेव्हा सर्वांत हवा, नेमका तेव्हा मी काटकसर करत होतो. आता टायमर पाचचा आणि पारा २६ वर, सोबत मंद पंखा. नाडी ५७. बिलाचं पुढच्या महिन्यात बघू.

एका रात्रीवर मात्र विश्वास ठेवू नये. भाचीच्या हळदीहून अकराला श्रीखंड-पुरी चापून आलो, त्या रात्री एसी असूनही ६४ निघाली. घड्याळाला उकाडा आणि श्रीखंड यांतला फरक कळत नाही. म्हणून मी आता एकेका मांडणीच्या चार-पाच रात्री बघतो आणि उशिरा जेवलेल्या रात्री खोडून टाकतो.

एक कोडं राहिलं होतं. कुठलीही मांडणी असो, पाच-सव्वापाचला रेघेला एक छोटं टेंगूळ येई. स्वप्न, डास, पाण्याचा पंप, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. परवा त्या वेळी योगायोगाने डोळे किलकिले झाले. आई उठली होती. तिने दारातूनच पंखा बंद केला, खाली घसरलेली गोधडी माझ्या उघड्या तळव्यांवर ओढली, कडा पायाखाली नीट खोचल्या आणि म्हणाली, "पहाटेचा वारा बाधतो रे."

मी पाय आत घेतले आणि पडून राहिलो.